१८ बाय १२ चा भगोना किती लिटरचा? फोटोवरून अंदाज काढायची रीत

गणपती जवळ आले की इंदूरच्या मराठी घरांतल्या आणि मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांड्यांचे फोटो फिरायला लागतात. राजवाड्यामागच्या बर्तन बाजारातून दुकानदार एक फोटो पाठवतो. भगोन्याच्या तोंडावर आडवी लाल रेघ आणि तिच्यावर १८", बाजूला उभी रेघ आणि तिच्यावर १२". खाली लिहिलेलं असतं, ‘५० लीटर का है, साब’. मग मंडळात चर्चा सुरू होते की १०० पानांच्या मसालेभाताला हा पुरेल का.

हा आकडा घरबसल्या तपासता येतो. फोटो, त्यावरची दोन मापं आणि एक साधी पट्टी एवढ्यावर काम होतं. खाली हाच १८ बाय १२ चा भगोना शेवटपर्यंत सोडवून दाखवला आहे. कढई आणि हंडी यांचं गणित वेगळं असतं, ते शेवटी थोडक्यात दिलं आहे.

आधी सरळ गुणाकार

भगोना म्हणजे ढोबळमानाने उभं नळकांडं. त्याचं घनफळ काढायला व्यासाचा वर्ग करा, उंचीने गुणा आणि π च्या चौथ्या हिश्श्याने, म्हणजे ०.७८५ ने गुणा. मापं सेंटिमीटरमध्ये असतील तर उत्तर घन सेंटिमीटरमध्ये येतं आणि १००० ने भागलं की लिटर मिळतात. बाजारात मात्र मापं इंचातच येतात. एक घन इंच म्हणजे १६.३९ घन सेंटिमीटर. हे सगळे गुणाकार-भागाकार एकत्र केले की एकच सोपी रीत उरते:

लिटर = व्यास × व्यास × उंची ÷ ७८ (मापं इंचात)

लिटर = व्यास × व्यास × उंची ÷ १२७३ (मापं सेंटिमीटरमध्ये)

आपल्या भगोन्याला लावून पाहू. १८ × १८ = ३२४. ३२४ × १२ = ३८८८. त्याला ७८ ने भागलं की ४९.८, म्हणजे ५० लिटर. दुकानदार खोटं बोलत नाही, त्यानेही हाच हिशोब केलेला आहे. प्रश्न एवढाच आहे की १८ आणि १२ ही मापं नेमकी कुठून कुठपर्यंत घेतली आहेत.

बाणाची टोकं कुठे टेकतात ते पाहा

फोटो मोठा करून आडव्या रेघेची दोन्ही टोकं नीट पाहा. बहुतेक वेळा रेघ काठाच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत जाते. भगोन्याचा काठ बाहेर वळवलेला असतो, हातात धरायला आणि वर झाकण बसायला. मोठ्या भांड्यात ही पट्टी प्रत्येक बाजूला अर्धा ते एक इंच भरते. त्या पट्टीवर पाणी राहत नाही. पाणी राहतं ते काठाच्या आत, जिथून भिंत खाली उतरते तिथे.

इथे अर्ध्या इंचाचाही हिशोब ठेवावा लागतो, कारण व्यासाचा वर्ग होतो. १८ च्या जागी १७ घेतले तर ३२४ च्या जागी २८९ येतात आणि क्षमता एकदम ११ टक्क्यांनी कमी होते. उंचीत एक इंच चुकला तर सुमारे ८ टक्के फरक पडतो. म्हणून वेळ थोडा असेल आणि दुकानदाराला एकच प्रश्न विचारता येणार असेल, तर तो व्यासाबद्दलच विचारावा: ‘मुंह अंदर से कितना है?’

उत्तर आलं नाही तरी आतला व्यास फोटोतच दिसत असतो. फोटो फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उघडा आणि पडद्यावर शाळेची प्लॅस्टिकची पट्टी धरा. आपल्या फोटोत काठाची बाहेरची रुंदी ९० मिलीमीटर भरली. ती १८ इंचांची आहे, म्हणजे पडद्यावरचे ५ मिलीमीटर म्हणजे खरा १ इंच. आता त्याच ओळीत काठाच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. ते आलं ८२ ते ८३ मिलीमीटर. ५ ने भागलं की १६.५ इंच. म्हणजे काठाची पट्टी प्रत्येक बाजूला पाऊण इंचाची आहे आणि आपल्या कामाचा व्यास १८ नव्हे तर १६.५ आहे.

मोजताना फोटो मध्येच पुन्हा लहान-मोठा करू नका. तसं झालं तर ९० मिलीमीटरपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

जाड ॲल्युमिनियमच्या भांड्यात भिंतीची जाडीही धरावी लागते. भिंत ४ मिलीमीटरची असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून ८ मिलीमीटर, म्हणजे पाव इंचाहून थोडं जास्त. पण वर सांगितल्याप्रमाणे काठाच्या आतल्या कडेपासून मोजलं असेल तर ही जाडी आपोआप वजा झालेली असते. पातळ स्टीलच्या भांड्यात तिचा विचार करायची गरज नाही.

उभ्या रेघेचंही असंच पाहायचं. कधी ती कडीच्या वरच्या टोकापासून सुरू होते, कधी झाकणाची मूठसुद्धा तिच्यात येते. असं असेल तर ती उंची कामाची नाही. आणखी एक गडबड फोटोत दिसत नाही, ती विचारावीच लागते: टेप भिंतीला चिकटवून, बुडाच्या गोलाईवरून वळवत नेला होता की सरळ उभा धरला होता? वळवून मोजलं तर उंची एखादा इंच सहज वाढते. आपल्या फोटोत रेघ जमिनीपासून काठाच्या वरच्या टोकापर्यंत सरळ आहे. त्यातून बुडाची जाडी आणि काठाचा वळलेला भाग यांच्यासाठी पाव इंच काढला की ११.७५ राहतात.

मापं आणि फोटो एकमेकांशी जुळतात का

कधी कधी फोटो एका भांड्याचा आणि मापं दुसऱ्याच भांड्याची असतात. दुकानात एकाच घडणीचे सात-आठ आकार एकात एक घालून ठेवलेले असतात, त्यामुळे अशी अदलाबदल सहज होते. ती पकडायची असेल तर फोटोतल्या रुंदीचं आणि उंचीचं प्रमाण लिहिलेल्या मापांशी ताडून पाहावं लागतं.

कॅमेरा भांड्याच्या अर्ध्या उंचीवर, समोर सरळ धरलेला असेल तर हे फारच सोपं असतं. तोंड नुसतं आडव्या रेघेसारखं दिसतं आणि उंची, रुंदी दोन्ही पट्टीने थेट मोजता येतात. पण दुकानदार उभा राहून खाली ठेवलेल्या भांड्याचा फोटो काढतो. तोंड लंबगोल दिसतं, आतलं बूडही दिसतं आणि त्याच वेळी भिंतीची उंची आखडते. वरून जितकं जास्त पाहाल तितकी ती जास्त आखडते.

ती किती आखडली आहे हे तोंडाचा लंबगोलच सांगतो. लंबगोलाची पडद्यावरची उभी मापणी भागिले आडवी मापणी करा. आपल्या फोटोत आडवी ९०, उभी ३६, म्हणजे प्रमाण ०.४. या प्रमाणाचा वर्ग १ मधून वजा करून वर्गमूळ काढलं की उंचीचा कितवा भाग दिसतोय ते कळतं. वर्गमूळाच्या भानगडीत पडायचं नसेल तर तीन आकडे लक्षात ठेवा: प्रमाण ०.३ असेल तर खऱ्या उंचीपैकी ९५ टक्के दिसते, ०.४ असेल तर ९२ टक्के आणि ०.५ असेल तर ८७ टक्के. प्रमाण ०.५ च्या पुढे गेलं तर उंची ताडायच्या फंदात पडू नये, दुसरा फोटो मागवावा.

आता काठाच्या पुढच्या, म्हणजे आपल्याकडच्या बाजूच्या मधल्या बिंदूपासून सरळ खाली बुडापर्यंत मोजा. आपल्या फोटोत हे अंतर ५० मिलीमीटर आलं. ५० भागिले ०.९२ म्हणजे साधारण ५४. ५ मिलीमीटरचा एक इंच धरला तर पावणेअकरा ते अकरा इंच. लिहिलेले आहेत १२.

एक इंच कमी आला म्हणून लगेच शंका घ्यायची नाही. बाहेर वळलेला काठ पुढे येतो आणि गोल बूड आत जातं, त्यामुळे या रीतीने उंची नेहमी थोडी कमीच निघते. अशा आकाराच्या भगोन्यात १२ ला ११ येणं अगदी बरोबर आहे. त्याच फोटोतून ८ किंवा १४ आले असते तर मात्र मापं दुसऱ्या भांड्याची आहेत असं धरून विचारणा केली असती.

हा ताळा फसतो तो फोटो फार जवळून काढला असेल तेव्हा. फोन भांड्यापासून हातभर अंतरावर असेल तर काठ कॅमेऱ्याच्या जवळ आणि बूड लांब पडतं. काठ मोठा दिसतो, बूड लहान. सरळ भिंतींचा भगोनासुद्धा खाली निमुळता वाटायला लागतो. म्हणून दुसरा फोटो मागवताना एवढंच सांगावं: भगोना टेबलावर ठेवा, आठ-दहा फूट मागे जा, फोन भगोन्याच्या मध्याच्या उंचीवर धरा आणि झूम करून फोटो काढा. शक्य असेल तर स्टीलची फूटपट्टी भिंतीला टेकवून उभी ठेवा. मग मापं चिकटवायची गरजच राहत नाही, कारण पट्टी फोटोतच असते.

बुडाची गोलाई आणि निमुळतेपणा

आतापर्यंत आपल्याकडे १६.५ इंच व्यास आणि ११.७५ इंच उंची आहे. १६.५ × १६.५ = २७२. गुणिले ११.७५ म्हणजे सुमारे ३२००. भागिले ७८ म्हणजे ४१ लिटर. ५० चे ४१ झाले आणि अजून बुडाचा हिशोब बाकी आहे.

भगोन्याची भिंत आणि बूड काटकोनात मिळत नाहीत, तिथे गोलाई असते. हात फिरवून घासता यावं आणि कोपऱ्यात अन्न लागू नये यासाठी ती असतेच. या आकाराच्या भांड्यात गोलाईची त्रिज्या २ इंच असेल तर सुमारे पाऊण लिटर कमी होतो, ३ इंच असेल तर दीड लिटर. फोटोत भिंत कुठून वळायला लागते ते पाहा. जमिनीपासून जितक्या इंचावर वळण सुरू होतं तितकी त्रिज्या धरा. आपल्या भगोन्यात ते २ इंचांवर दिसतं. ४१ मधून पाऊण गेला, राहिले ४०.

बऱ्याच जणांना बुडाच्या गोलाईची फार धास्ती वाटते आणि ते अंदाजाने चार-पाच लिटर कापून टाकतात. तसं करू नये. भगोन्यात खरं नुकसान काठाच्या पट्टीने होतं, बुडाने नव्हे. वरच्या हिशोबात पट्टीने साधारण ८ लिटर खाल्ले आणि बुडाने पाऊण.

भिंती खाली निमुळत्या होत असतील तर तोंडाचा व्यास घ्यायचा नाही आणि बुडाचाही नाही. निम्म्या उंचीवरचा व्यास घ्यायचा. समजा आतून तोंड १८ आणि बूड १४, तर मधला व्यास १६ धरून काढलेलं उत्तर अगदी काटेकोर सूत्राच्या उत्तरापेक्षा एक टक्कासुद्धा कमी भरत नाही. एवढ्यासाठी लांबलचक सूत्र वापरायची काहीच गरज नाही. हा मधला व्यास मात्र लांबून, सरळ समोरून काढलेल्या फोटोवरच मोजावा. जवळच्या फोटोत निमुळतेपणा खोटा दिसू शकतो, हे वर आलंच आहे.

उत्तर सांगताना ‘४० लिटर’ एवढंच न सांगता ‘३८ ते ४२’ असं सांगावं. पडद्यावर एक मिलीमीटर इकडेतिकडे झाला की व्यास पाव इंचाच्या आसपास हलतो आणि क्षमता लिटरभर बदलते. फोटोवरून यापेक्षा बारीक उत्तर निघत नाही, आणि दशांश चिन्हापुढचे आकडे लिहिले म्हणून ते अचूक होत नाही.

काठोकाठ क्षमता आणि शिजवायची क्षमता

हे ४० लिटर काठोकाठ भरल्यावरचे आहेत. काठोकाठ भरून कुणी स्वयंपाक करत नाही. वरणाला उकळी येते, भात फुगतो, झारा फिरवायला जागा लागते. आम्ही मोठ्या भांड्यात चार पंचमांश भाग कामाचा धरतो. ४० चे ३२ लिटर. दूध आटवायचं असेल, बासुंदी करायची असेल तर सुरुवातीला निम्म्याच्या फार वर जाऊ नये, कारण दूध उतू जातं ते एका झटक्यात.

आता मूळ प्रश्न, मसालेभात. एक किलो कोरडा तांदूळ मापात साधारण सव्वा लिटर भरतो आणि शिजून जवळपास तिप्पट होतो, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास. तांदळाच्या जातीप्रमाणे आणि भात किती मोकळा हवा त्याप्रमाणे यात थोडं कमीजास्त होतं. त्यात तोंडली, म्हणजे आमच्या इथल्या मंडीतली कुंदरू, मटार आणि फ्लॉवर पडतं.

पानात पुरी, भाजी, जिलबी असेल तर माणशी ७५ ग्रॅम तांदूळ आम्हाला पुरतो. १०० पानांना साडेसात किलो. साडेसात किलोचा भात साधारण २६ ते २७ लिटर, वर भाज्यांचे तीन-चार लिटर. एकूण ३० लिटर. आपली कामाची क्षमता ३२. म्हणजे १०० पानांना हा भगोना बरोबर बसतो.

दुकानदाराचे ५० लिटर खरे मानले असते तर? त्यांचा चार पंचमांश ४० होतो, आणि तेवढ्यात १० किलो तांदूळ शिजेल असं वाटून सव्वाशे-दीडशे पानांचा बेत ठरला असता. १० किलोचा भात भाज्यांसकट ४० लिटर होतो. तो या भगोन्यात अगदी काठाला टेकला असता. तळातला भात वर आणायला झारा फिरवला असता तर वरचा भात चुलीवर सांडला असता, आणि न फिरवता ठेवला असता तर खाली लागून वर कच्चा राहिला असता. सव्वाशेच्या वर पानं असतील तर आतून १८ इंच तोंड असलेला भगोना मागवा, म्हणजे काठासकट साडेएकोणीस ते वीस इंचांचा. किंवा दोन भगोन्यांत भात करा. आमच्या मते दोन भांडी केव्हाही बरी. एवढा मोठा भात खालीवर करायला दोघांचे हात लागतात आणि त्यात शितं मोडतात.

भांडं घरी आलं की ताळा करायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे जार घरोघरी येतातच. दोन जार ओतले आणि पाणी काठाजवळ आलं, तर ४० चा अंदाज बरोबर. याच वेळी ३२ लिटरला पाणी कुठे येतं ते पाहून झाऱ्याच्या दांड्यावर खूण करून ठेवली, तर पुढच्या वर्षी मोजमाप करावं लागत नाही. भगोना सपाट फरशीवर ठेवूनच भरावा. अंगणातल्या उताराच्या जमिनीवर एका बाजूने पाणी आधीच सांडतं आणि क्षमता कमी वाटते.

कढई आणि हंडी

कढईला भगोन्याचं सूत्र तसंच लावलं तर उत्तर जवळजवळ दुप्पट येतं. कढई म्हणजे गोलाचा कापलेला तुकडा. आधी ७८ वालं सूत्र लावा आणि मग खोलीप्रमाणे त्याचा हिस्सा घ्या. खोली व्यासाच्या पाव असेल तर ५४ टक्के, एक तृतीयांश असेल तर ५७ टक्के, आणि कढई पूर्ण अर्धगोल असेल, म्हणजे खोली व्यासाच्या निम्मी, तर ६७ टक्के. आतून २४ इंच तोंड आणि ८ इंच खोली असलेली कढई घेऊ. २४ × २४ × ८ ÷ ७८ = ५९. खोली एक तृतीयांश आहे, म्हणून ५९ चे ५७ टक्के, साधारण ३४ लिटर. बूड सपाट केलेल्या कढईत हा आकडा थोडा वाढतो. कढईच्या फोटोत व्यास बहुतेक वेळा कान धरून मोजलेला असतो, म्हणून तिथे बाणाची टोकं आणखी काळजीने पाहावीत.

हंडीचं पोट फुगलेलं असतं आणि गळा अरुंद. तिथे निम्म्या उंचीवरच्या एका व्यासाने भागत नाही. सरळ समोरून काढलेल्या फोटोवर हंडीच्या उंचीचे चार सारखे आडवे पट्टे पाडा आणि प्रत्येक पट्ट्याच्या मध्यावरची रुंदी मोजून इंचात आणा. १२ इंच उंच हंडीत प्रत्येक पट्टा ३ इंचांचा होईल. समजा रुंद्या खालून वर १२, १६, १७ आणि १३ आल्या. चौघांचे वर्ग मिळवले तर ८५८. गुणिले ३ म्हणजे २५७४. भागिले ७८ म्हणजे ३३ लिटर. हे माप बाहेरून घेतलेलं आहे. हंडी पितळेची आणि जाड असेल तर प्रत्येक रुंदीतून पाव इंच कमी करून हिशोब पुन्हा करा, उत्तर ३२ च्या आसपास येईल.